रिकाम्या खोलीच्या फोटोत फर्निचर कसे बसवावे आणि ते बसवले आहे हे कसे सांगावे

जळगाव, धुळे किंवा अमळनेर येथील फ्लॅट विकायचा असतो, तेव्हा घेणारा माणूस पुष्कळदा सुरतेला, पुण्याला किंवा नाशिकला नोकरीत असतो. तो आधी फोटो पाहतो, नातेवाइकाला एकदा घर पाहून यायला सांगतो आणि कधी कधी स्वतः येण्याआधीच टोकन रक्कम पाठवून देतो. रिकामी खोली फोटोत निर्जीव दिसते, शिवाय तिचा आकारही नीट कळत नाही. म्हणूनच संगणकावर फर्निचर बसवलेले फोटो, म्हणजे व्हर्च्युअल स्टेजिंग, आता आपल्याकडच्या जाहिरातींतही दिसू लागले आहे. हे काम नव्याने शिकू इच्छिणाऱ्या छायाचित्रकारांसाठी, एजंटांसाठी आणि स्वतःचे घर स्वतः विकणाऱ्या मालकांसाठी हा लेख आहे.

या कामात लोकांचे लक्ष सोफ्याच्या रंगाकडे आणि पडद्यांच्या चुणीकडे जाते. माझ्या मते खरा प्रश्न मापाचा आहे. खोलीचा आकार ठरवताना पाहणाऱ्याची नजर ओळखीच्या वस्तूचा आधार घेते आणि बेडरूममध्ये ती वस्तू म्हणजे पलंग. पलंग खऱ्यापेक्षा लहान काढला, तर भिंतीला हातही न लावता खोली मोठी होते. फोटोखाली ‘फर्निचर संगणकावर टाकलेले आहे’ असे लिहिल्याने ही फसगत भरून निघत नाही, कारण त्या ओळीतून वाचणाऱ्याला पलंग खरा नाही एवढेच कळते. खोली दिसते तेवढी नाही, हे कळत नाही. म्हणून पुढील सर्व पायऱ्या एकाच बेडरूमच्या उदाहरणाने आणि मापाला धरून सांगतो.

आधी टेप, मग कॅमेरा

उदाहरणातील खोली जळगावातील एका दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधील आहे. रुंदी ३.०० मीटर आणि लांबी ३.३० मीटर, म्हणजे साधारण ९ फूट १० इंच बाय १० फूट १० इंच. दरवाजा एका आखूड भिंतीच्या टोकाला आहे आणि खिडकी डाव्या लांब भिंतीत आहे. जमिनीवर ‘दोन बाय दोन’च्या व्हिट्रिफाइड टाइल आहेत. या टाइलला आपण दोन फुटी म्हणत असलो, तरी तिचे प्रत्यक्ष माप ६०० मिलिमीटर असते. त्यामुळे पाच टाइल म्हणजे पूर्ण दहा फूट होत नाहीत, दोन इंच कमी भरतात. या खोलीत रुंदीला पाच पूर्ण टाइल आणि लांबीला साडेपाच टाइल बसल्या आहेत.

माप घेताना भिंतीपासून भिंतीपर्यंतची लांबी आणि रुंदी, दरवाजाची रुंदी व तो कोणत्या बाजूला उघडतो, खिडकीची रुंदी आणि जमिनीपासून तिच्या खालच्या कडेची उंची, तसेच एका टाइलचे माप एवढे कागदावर उतरवून घ्यावे. बिल्डरच्या ब्रोशरमधील आकड्यांवर काम करू नये. ते आकडे कधी प्लास्टरच्या आधीचे असतात, तर कधी बाल्कनी धरून मोजलेले असतात.

असा फोटो, ज्यावर पुढे काम करता येईल

सुंदर फोटो आणि स्टेजिंगला योग्य फोटो या दोन गोष्टी थोड्या वेगळ्या आहेत. कॅमेरा किंवा मोबाइल जमिनीपासून साधारण चार फुटांवर, ट्रायपॉडवर, पूर्ण सपाट ठेवावा. तो वर किंवा खाली झुकला, तर भिंतींच्या उभ्या कडा तिरप्या होतात. अशा कडा नंतर सॉफ्टवेअरने सरळ करण्याचा मोह आवरावा, कारण त्यामुळे पुढच्या पायरीतील गणित बिघडते. त्याच कारणाने फोटो एका बाजूने कापूही नये. काटछाट करायची असेल, तर ती सर्व काम झाल्यावर शेवटी करावी.

मोबाइलवरचे ०.५ हे रुंद लेन्सचे बटण या कामात टाळलेले बरे. त्यात कडेच्या वस्तू ताणल्या जातात आणि समोरची भिंत दूर गेल्यासारखी दिसते, म्हणजे फर्निचर बसवण्याआधीच खोली फुगते. साध्या १ या लेन्सने दरवाजात किंवा दरवाजाबाहेर एक पाऊल मागे उभे राहून फोटो घेतला, तर आपल्या खोलीची समोरची भिंत सहज मावते. मात्र भिंतीला अगदी समोरासमोर न राहता थोडे कोनात उभे राहावे, म्हणजे टाइलच्या दोन्ही दिशांच्या सांध्यांच्या रेषा फोटोत तिरप्या जाताना दिसतील. जमीन भरपूर दिसली पाहिजे, कारण टाइल हीच आपली मोजपट्टी आहे.

वेळेचे भान खानदेशात विशेष ठेवावे लागते. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी नऊनंतर खिडकीबाहेर इतका लखलखाट असतो, की खिडकी पांढरी फटफटीत येते आणि खोली अंधारी राहते. सकाळी लवकर किंवा दुपार कलल्यावर, खोलीत उन्हाचा थेट कवडसा पडत नसेल तेव्हा फोटो घ्यावा. मऊ उजेडात सावल्याही मऊ पडतात आणि नंतर त्यांच्याशी मेळ घालणे पुष्कळ सोपे जाते.

एक फोटो दरवाजातून आणि दुसरा समोरच्या कोपऱ्यातून, असे दोन फोटो घ्यावेत. दुसरा का लागतो, ते पलंग बसवताना लक्षात येईल.

खोलीचे माप संगणकाला सांगणे

नवशिक्यांसाठी मी fSpy आणि Blender ही जोडी सुचवतो. fSpy फोटोवरून कॅमेऱ्याची जागा शोधते आणि Blender मध्ये त्रिमितीय वस्तू मांडून त्यांचे चित्र काढता येते. दोन्ही विनामूल्य आहेत, आणि या पद्धतीत फर्निचर खऱ्या मापाने बसते, नजरेच्या अंदाजाने नाही.

fSpy मध्ये फोटो उघडल्यावर दोन व्हॅनिशिंग पॉइंटचा, म्हणजे समांतर रेषा फोटोत दूरवर ज्या बिंदूंत मिळताना दिसतात त्या दोन बिंदूंचा, पर्याय निवडावा. मग पडद्यावर रेषांच्या दोन जोड्या दिसतात. पहिल्या जोडीच्या दोन रेषा खोलीच्या लांबीच्या दिशेने जाणाऱ्या टाइलच्या दोन सांध्यांवर नेमक्या बसवाव्यात आणि दुसऱ्या जोडीच्या रेषा रुंदीच्या दिशेच्या सांध्यांवर. जोडीतील रेषा एकमेकींपासून जितक्या दूर आणि जितक्या लांब, तितके गणित अचूक येते. शेजारशेजारच्या दोन टाइलवर त्या बसवल्या, तर केसभर चूकही मोठी होते. आरंभबिंदू जमिनीवर, चार टाइलचे कोपरे मिळतात त्या ठिकाणी ठेवावा. त्यानंतर Reference distance मध्ये एका दिशेने मोजलेले अंतर द्यावे, उदाहरणार्थ रुंदीच्या पाच टाइलसाठी ३ मीटर. फाइल जतन करून, Blender मध्ये fSpy चे ॲड-ऑन बसवून ती आयात केली, की ज्या जागेवरून फोटो घेतला त्याच जागेवर कॅमेरा उभा राहतो आणि फोटो त्याच्या पार्श्वभूमीला येतो.

यानंतरची चाचणी कोणीही वगळू नये. Blender मध्ये ०.६ मीटर बाय ०.६ मीटरचा एक सपाट चौकोन जमिनीवर ठेवावा आणि तो फोटोतील जवळच्या एका टाइलवर बसतो का ते पाहावे. मग तोच चौकोन दूरच्या भिंतीजवळच्या टाइलवर सरकवावा. दोन्ही ठिकाणी चौकोनाच्या कडा सांध्यांवर पडल्या, तर माप जुळले. जवळ जुळतो आणि दूर गेल्यावर लहान-मोठा किंवा तिरपा होतो, असे दिसले, तर fSpy मधील रेषा हलल्या आहेत असे समजून परत जावे. सर्वत्र सारखाच मोठा किंवा लहान येत असेल, तर दिलेले अंतर चुकले आहे.

पलंग

बाजारात मिळणाऱ्या दुहेरी गादीची दोन मापे आपल्याकडे रुळलेली आहेत: पाच बाय साडेसहा फूट आणि सहा बाय साडेसहा फूट. पलंगाची चौकट आणि डोक्याकडची फळी धरली, तर पाच फुटी पलंग जमिनीवर साधारण १.६ मीटर बाय २.१ मीटर जागा घेतो आणि सहा फुटी पलंग १.९ मीटर बाय २.१ मीटर. फर्निचरची त्रिमितीय मॉडेल Poly Haven सारख्या संकेतस्थळावरून मोफत घेता येतात, पण मॉडेल आणल्यावर N दाबून Dimensions मध्ये त्याचे आकडे पाहावेत आणि ते वरील मापाशी जुळवून घ्यावेत. युरोपातील घरांसाठी केलेली काही मॉडेल आपल्याकडच्या पलंगापेक्षा बुटकी किंवा अरुंद असतात. शक्य असेल, तर गावातल्या एखाद्या फर्निचरच्या दुकानात जाऊन दोन-तीन पलंग आणि कपाटे टेपने मोजून ठेवावीत. एकदा केलेले हे काम पुढे कायम उपयोगी पडते.

आता आपल्या खोलीत पाच फुटी पलंग दरवाजासमोरच्या आखूड भिंतीला लावून ठेवू. रुंदी ३ मीटर, त्यातून पलंगाचे १.६ मीटर गेले, की दोन्ही बाजूंना ७० सेंटिमीटर उरतात. लांबी ३.३ मीटर, त्यातून २.१ मीटर गेले, की पायथ्याशी १.२ मीटर उरतात. ही जागा फोटोत छान मोकळी दिसते. परंतु बेडरूममध्ये कपाट लागतेच आणि या खोलीत ते ठेवायला एकच सोयीची जागा आहे, ती म्हणजे दरवाजालगतची भिंत. कपाटाची खोली साधारण ६० सेंटिमीटर असते. ते ठेवले, की पायथ्याशी फक्त ६० सेंटिमीटर, म्हणजे दोन फूट उरतात. बाहेर उघडणाऱ्या दाराचे कपाट असेल आणि त्याचे दार ४५ सेंटिमीटरचे असेल, तर दार उघडल्यावर माणसाला उभे राहायला जागा राहत नाही. सरकत्या दाराचे कपाट मात्र नीट वापरता येते.

गंमत अशी, की दरवाजातून काढलेल्या फोटोत ही भिंत दिसतच नाही, कारण कॅमेरा तिच्याजवळच उभा आहे. म्हणजे एका फोटोत पलंग ठेवून पायथ्याची जागा मोकळी दाखवली, तर एकही वस्तू खोटी न काढता घेणाऱ्याची समजूत चुकते. त्यासाठी समोरच्या कोपऱ्यातून घेतलेला दुसरा फोटो आहे. त्यात तोच पलंग त्याच जागी ठेवून, सरकत्या दाराचे कपाट आणि मधले दोन फूट स्पष्ट दाखवावेत. ‘भाऊ, पलंग ठेवल्यावर कपाट उघडेल ना?’ हा प्रश्न गिऱ्हाईक फोनवर विचारतेच. त्याचे उत्तर फोटोतच मिळाले, तर व्यर्थ फेऱ्याही वाचतात.

हीच खोली एखाद्या तयार सेवेकडे पाठवली, तर काय परत येऊ शकते, ते पाहण्यासारखे आहे. आजकाल फोटो चढवला, की काही सेकंदांत फर्निचर भरून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी साधने आहेत. त्यांना खोलीचे माप ठाऊक नसते; दिसायला प्रमाणबद्ध वाटेल असा पलंग ती काढतात. परत आलेल्या फोटोत पलंगाने रुंदीला दोन आणि लांबीला अडीच टाइल व्यापल्या असतील, तर तो पलंग १.२ मीटर बाय १.५ मीटरचा, म्हणजे चार फूट बाय पाच फुटांचा झाला; त्यावर मोठ्या माणसाला पाय पसरता येणार नाहीत. पाहणारा मात्र त्याला पाच फुटी दुहेरी पलंगच समजतो, म्हणजे १.२ मीटरला तो मनात १.६ मीटर धरतो. त्याच हिशोबाने ३ मीटरची खोली त्याच्या डोळ्यांत ४ मीटरची होते. दहा फुटांची खोली जवळजवळ तेरा फुटांची झाली, आणि फोटोतील भिंत एक इंचही हललेली नाही.

म्हणून फोटो कोणत्याही साधनाने तयार झालेला असो, टाइल मोजल्याशिवाय तो बाहेर देऊ नये. पलंगाखाली झाकलेल्या टाइल दिसत नसल्या, तरी त्याच्या कडेला उघड्या असलेल्या टाइल मोजून एकूण पाचातून वजा करता येतात. जमिनीवर टाइल नसतील, तर दरवाजाची रुंदी आणि उंची यांचा आधार घ्यावा. पण दरवाजा आणि पलंग कॅमेऱ्यापासून वेगवेगळ्या अंतरावर असतात, त्यामुळे ही तुलना ढोबळच राहते.

सावली आणि उजेड

मापानंतर खोटेपणा उघडा पडतो तो सावलीमुळे. पलंगाचे पाय जमिनीला टेकतात तिथे बारीक गडद सावली नसेल, तर पलंग तरंगताना दिसतो. Blender मध्ये जमिनीच्या जागी एक सपाट पृष्ठभाग ठेवून, रेंडर इंजिन Cycles निवडून, त्या पृष्ठभागाच्या Object Properties मधील Visibility खाली Shadow Catcher वर खूण करावी. Render Properties मध्ये Film खाली Transparent निवडले, की फक्त फर्निचर आणि त्याची सावली असलेले पारदर्शक चित्र मिळते. खिडकीच्या जागी, खिडकीच्याच मापाचा एक Area light ठेवावा. दरवाजातून घेतलेल्या फोटोत खिडकी डावीकडे आहे, त्यामुळे त्यात पलंगाची सावली उजवीकडे आणि मऊ पडली पाहिजे. तयार झालेले PNG चित्र GIMP या फोटो संपादनाच्या प्रोग्राममध्ये मूळ फोटोवर वेगळा थर म्हणून ठेवावे. मूळ फोटोचा थर जसाच्या तसा राहतो, हा या पद्धतीचा सर्वांत मोठा फायदा आहे.

कशाला हात लावायचा नाही

येथे मी एक साधी कसोटी वापरतो. घर बदलताना जी वस्तू टेम्पोत भरून नेता येते, ती फोटोत टाकायला हरकत नाही. जी घराबरोबरच राहते, ती टाकू नये, काढू नये आणि बदलू नये. पलंग, गादी, सुटे कपाट, दिवाण, टेबल, गालिचा, कुंडी या वस्तू चालतात. भिंतीचा रंग, टाइल, पीओपीचे छत, मॉड्युलर किचन, बसवलेली कपाटे, खिडकीची जाळी आणि बाहेरचे दृश्य या गोष्टींना हात लावायचा नाही. एसी आणि कूलर सीमारेषेवर येतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात घेणारा माणूस आधी त्याचीच चौकशी करतो. भिंतीवर एसी काढला, तर तिथे विजेचा पॉइंट आणि पाइप काढायला जागा आहे, असाच त्याचा अर्थ घेतला जातो. म्हणून प्रत्यक्षात नसलेला एसी मी कधीही काढत नाही, आणि नसलेला छतपंखाही नाही.

दुसरी बाब लपवण्याची आहे आणि ती मला अधिक गंभीर वाटते. तापीकाठच्या काळ्या मातीत पावसाळ्यात फुगणे आणि उन्हाळ्यात आक्रसणे असते. पाया पुरेसा खोल नेलेला नसेल, तर खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपे तडे जातात. वरच्या मजल्याच्या बाथरूमखाली ओल येते आणि भिंतीचे पोपडे निघतात. आपल्या उदाहरणातील खोलीत खिडकीच्या उजव्या खालच्या कोपऱ्याजवळ हातभर ओलीचा डाग आहे. तिथे एक उंच शोकेस बसवले, तर चित्राची मांडणीही बरी दिसते आणि डागही झाकला जातो. तेच टाळायचे आहे. ज्या भिंतीवर दोष आहे, तिच्यासमोर उंच वस्तू ठेवू नये. फोटो काढण्याआधी खोलीची पाहणी करून असे डाग व तडे कागदावरच्या नकाशात मांडून घ्यावेत, म्हणजे मांडणी करताना ते नजरेआड होणार नाहीत.

तयार साधनांमध्ये हा धोका न मागताही येतो. ती पुष्कळदा फक्त फर्निचर न टाकता सगळा फोटो नव्याने रंगवतात आणि त्या ओघात ओलीचा डाग गुळगुळीत करतात, स्विचबोर्ड गायब करतात किंवा खिडकी रुंद करतात. हे ओळखण्याची खात्रीची रीत आहे. GIMP मध्ये मूळ फोटो खाली आणि सजवलेला फोटो वर ठेवावा, दोन्हींचे माप सारखे असावे, आणि वरच्या थराचा Mode बदलून Difference करावा. जिथे काहीच बदलले नाही, तिथे चित्र काळे होते. फर्निचर आणि त्याच्या सावलीच्या जागी उजळ आकृत्या दिसतील, ते अपेक्षितच आहे. जेपीजी फाइलमुळे येणारा बारीक चुरा दुर्लक्षित करता येतो. पण खिडकीची चौकट, भिंतीचा कोपरा किंवा डागाची जागा उजळ दिसली, तर खोलीच बदलली आहे. असा फोटो वापरू नये. मूळ फोटोवर फक्त फर्निचरचा भाग ठेवून बाकीचा भाग मूळचाच परत आणावा.

खुलासा कोठे आणि कसा

जाहिरातीच्या वर्णनात शेवटी एक ओळ लिहून भागत नाही. आपल्याकडे मालमत्तेचे फोटो पोर्टलवरून एजंटच्या व्हॉट्सॲप गटात, तिथून नातेवाइकांच्या गटात आणि तिथून सुरतेच्या गिऱ्हाइकाकडे जातात. या प्रवासात वर्णन पहिल्याच टप्प्यावर गळून पडते, उरतो तो नुसता फोटो. म्हणून खुलासा फोटोच्या आतच हवा.

फोटोच्या खालच्या कडेला, उंचीच्या साधारण बाराव्या भागाची एक पट्टी घ्यावी आणि तीवर स्पष्ट मराठीत लिहावे: ‘या फोटोतील फर्निचर संगणकावर टाकलेले आहे. खोली रिकामी आहे. माप ९ फूट १० इंच × १० फूट १० इंच.’ खोलीचे माप याच पट्टीत लिहिण्याचा माझा आग्रह आहे, कारण फसगत मुख्यतः मापाची होते. ‘प्रातिनिधिक चित्र’ किंवा ‘कल्पनाचित्र’ असे मोघम शब्द वापरू नयेत. त्यांतून खोली खरी आणि फर्निचर खोटे, की दोन्ही खोटी, हे कळत नाही. पट्टीवरील अक्षरे मोबाइलवर, फोटो मोठा न करता, हातभर अंतरावरून वाचता आली पाहिजेत. स्वतःच्या फोनवर एकदा पाठवून पाहिले, की हे समजते.

त्याबरोबर रिकाम्या खोलीचा मूळ फोटोही द्यावा, आणि तो सजवलेल्या फोटोच्या लगेच पुढे असावा. व्हॉट्सॲपसाठी मी वर सजवलेली खोली आणि खाली तीच रिकामी खोली, असे दोन्ही फोटो एकाच चित्रात जोडतो. मग कोणी कितीही पुढे पाठवले, तरी ते वेगळे होत नाहीत. ‘पट्टी काढून द्या, फोटो खराब दिसतो,’ असे एखादा एजंट म्हणतो, तेव्हा त्याला हेच जोडचित्र द्यावे. त्यात पट्टी लहान वाटते आणि रिकामी खोली शेजारीच असल्याने सजावटीचा उपयोगही अधिक नीट दिसतो.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. नव्या प्रकल्पाच्या जाहिरातीतील किंवा नमुना सदनिकेतील चुकीच्या माहितीवर विसंबून कोणी आगाऊ रक्कम दिली आणि त्याचे नुकसान झाले, तर बिल्डरला भरपाई द्यावी लागते, असे २०१६च्या रेरा कायद्याचे कलम १२ सांगते. घेणाऱ्याला व्यवहारातून बाहेर पडून पैसे व्याजासह परत मागता येतात. त्याच कायद्याचे कलम १० एजंटांना दिशाभूल करणाऱ्या प्रथांपासून दूर राहायला सांगते. जुने घर विकणाऱ्या मालकाला १८८२चा मालमत्ता हस्तांतरण कायदा लागू होतो. मालकाला ठाऊक असलेला आणि घेणाऱ्याला साध्या काळजीने कळू न शकणारा महत्त्वाचा दोष मालकाने सांगितलाच पाहिजे, असे त्याच्या कलम ५५ मध्ये आहे. शोकेसमागे झाकलेला ओलीचा डाग या संदर्भात आठवावा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत केंद्र सरकारने २०२२ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार खुलासा जाहिरातीच्याच भाषेत असावा लागतो. मराठी जाहिरातीखाली इंग्रजीत बारीक ओळ टाकून कर्तव्य पार पडत नाही.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने यासाठी स्वतंत्र कायदा केला असून तो १ जानेवारी २०२६ पासून लागू झाला आहे. फर्निचर टाकलेला किंवा काढलेला फोटो बदललेला आहे, हे त्या फोटोवर किंवा त्याच्या लगत सांगावे लागते आणि मूळ फोटो पाहण्याची सोयही द्यावी लागते. फोटो उजळणे, सरळ करणे किंवा रंग सुधारणे यांना मात्र तो खुलासा लागत नाही. ही विभागणी मला रास्त वाटते आणि आपल्या कामातही ती पाळता येते: उजेड सुधारला तर सांगायची गरज नाही, वस्तू टाकली तर सांगायलाच हवे.

जपून ठेवायच्या फाइली

एका खोलीसाठी एक फोल्डर करून त्यात कॅमेऱ्यातून आलेला मूळ फोटो कोणताही बदल न करता ठेवावा. त्यासोबत मापाचा कागद, दोषांचा नकाशा, fSpy ची आणि Blender ची फाइल, आणि ज्या रूपात फोटो बाहेर दिला ते अंतिम चित्र ठेवावे. व्हॉट्सॲपवरून परत घेतलेली प्रत मूळ म्हणून ठेवू नये, कारण पाठवताना फोटो दाबला जातो आणि तो कधी काढला याची नोंदही निघून जाते. खरेदीखताची नोंदणी होऊन ताबा दिला जाईपर्यंत हे फोल्डर हलवू नये. मधल्या काळात खोलीत काही बदलले, म्हणजे भिंत रंगवली, ओल दुरुस्त केली किंवा खरोखरच कपाट बसवले, तर जुने सजवलेले फोटो पोर्टलवरून आणि गटांतून काढून टाकावेत व नव्या रिकाम्या फोटोपासून पुन्हा सुरुवात करावी. fSpy ची फाइल तिथेही कामाला येते: कॅमेरा त्याच जागी, त्याच उंचीवर ठेवला, तर मापाचे निम्मे काम आधीच झालेले असते, फक्त ०.६ मीटरच्या चौकोनाची चाचणी नव्या फोटोवर पुन्हा करून घ्यावी.